भाडं गोठवलं की इमारत कधी खचते? मुंबईच्या भाडे नियंत्रणाचा लगेचचा आणि लांबचा परिणाम

सुहास_परळ:
भाडे नियंत्रणावर बोलताना एक गट म्हणतो की गरिबाचं छप्पर वाचलं, दुसरा म्हणतो की मुंबईच्या चाळी त्यानेच मोडल्या. दोघांचं एकाच वेळी खरं असू शकतं का? पहिल्या दहा वर्षांचा परिणाम आणि पन्नास वर्षांचा परिणाम यांत नेमकं काय बदलतं? गिरगाव, लालबाग, भेंडी बाजार इथल्या जुन्या इमारती धरून बोला.

मोजपट्टी:
खरं असू शकतं, कारण दोन गट दोन वेगवेगळ्या काळांबद्दल बोलताहेत. भाडं एकाएकी वाढतं तेव्हा नवी घरं सहा महिन्यांत उभी राहत नाहीत. जेवढ्या खोल्या आहेत तेवढ्याच. अशा वेळी मर्यादा घातली तर पैसे भाडेकरूच्या खिशात राहतात आणि घरांची संख्या लगेच घटत नाही. १९१८ चा पहिला कायदा युद्धकाळातल्या टंचाईवरचा होता, आणि १९४७ चा आला तेव्हा फाळणीमुळे शहरात माणसं लोटत होती. तेवढ्यापुरता उपाय बरोबर होता असं मी म्हणेन.

गडबड पुढे झाली. १ सप्टेंबर १९४० ला भाड्याने दिलेल्या जागांचं भाडं त्या दिवशीच्या आकड्यावर अडकलं, पण सिमेंट, सागवान आणि गवंड्याची मजुरी अडकली नाही. सगळ्यात आधी डागडुजी थांबते. पुरवठा नंतर आटतो.

एक हिशेब करा. तळमजला अधिक तीन अशी चाळ, २४ खोल्या, १९४० चं भाडं खोलीमागे २५ रुपये. (आकडे समजुतीसाठी घेतले आहेत.) ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने आधी ५ टक्के वाढ दिली, म्हणजे २६ रुपये २५ पैसे. पुढे दर वर्षी ४ टक्के. चक्रवाढ धरली तरी २५ वर्षांनी ७० रुपयांच्या आसपास. २४ खोल्यांचे महिन्याला १,६८० आणि वर्षाला सुमारे २०,००० रुपये. आता गच्ची १,४०० चौरस फुटांची आणि विटांचा कोबा घालून गळती बंद करायला चौरस फुटाला १५० रुपये धरा, तर २ लाख १० हजार. एका गच्चीत दहा वर्षांचं सगळं भाडं गेलं. जिना, संडासाचे नळ, बाहेरचा गिलावा यातलं अजून काहीच केलेलं नाही.

लाल_वीट:
हिशेब बरोबर, निष्कर्ष घाईचा. मालकाचं उत्पन्न फक्त भाडेपावतीवरचं नव्हतं, पागडीचंही होतं. खोली हस्तांतरित होताना तिच्या किमतीचा साधारण तिसरा हिस्सा मालक घेतो हा रिवाज मुंबईत सर्वांना ठाऊक आहे. १९९९ च्या कायद्याने, म्हणजे तुम्ही म्हणता त्या नव्या कायद्याने, तो व्यवहार कायदेशीरही केला. एका खोलीच्या हस्तांतरणात तुमच्या दोन-चार गच्च्या निघतील. तरी मालकाने गच्ची केली नाही. मग दोष कायद्याचा की मालकाचा?

मोजपट्टी:
पागडी येते तेव्हा एकदम येते आणि कधी येईल ते मालकाच्या हातात नसतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ती दुरुस्तीशी जोडलेली नाही. गच्ची दुरुस्त केली म्हणून त्याच खोलीची पागडी फारशी वाढत नाही, कारण घेणारा भिंतीचे पैसे देत नाही. तो जागेच्या हक्काचे आणि उद्याच्या पुनर्विकासाचे देतो. भाडं वाढू शकत असतं तर चांगल्या खोलीला जास्त आणि गळक्या खोलीला कमी मिळालं असतं. इथे दोन्हींना तेच.

तिसरा_मजला:
पण १९९९ च्या कायद्याने नियंत्रण काढूनच टाकलं ना? आता सगळं बाजारभावाने, अकरा महिन्यांचे करार त्यामुळेच. मग जुन्या गोष्टी कशाला उगाळायच्या?

वकीलवाडा:
अर्धंच बरोबर आहे. १९९९ च्या कायद्यातून बँका, सरकारी उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपन्या वगळल्या गेल्या. मोठ्या कंपन्यांचं संरक्षण गेलं, चाळीतल्या भाडेकरूचं नाही. त्याचं भाडं वर सांगितलं तसंच चालतं.

नवीन जागा बाजारभावाने जातात त्या लिव्ह अँड लायसन्स करारावर. त्यात भाडेकरूचा हक्क निर्माण होत नाही, आणि मुदत संपून जागा सोडली नाही तर दुप्पट शुल्क लागतं. अकरा महिन्यांची सवय वर्षापासून पुढच्या भाडेपट्ट्यांच्या नोंदणीच्या नियमातून आली. महाराष्ट्रात मात्र कलम ५५ प्रमाणे मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. मालक इतके बिचकतात त्याचं मूळ १९७३ च्या दुरुस्तीत आहे. १ फेब्रुवारी १९७३ ला लायसन्सवर ताब्यात असलेले लोक त्या दुरुस्तीने एका फटक्यात भाडेकरू ठरले. उद्या पुन्हा तसं होणार नाही याची खात्री कोण देणार, या विचाराने पुष्कळ लोक आजही फ्लॅट कुलूपबंद ठेवतात.

पुरवठ्यावरचा लांबचा परिणाम मला तिथे दिसतो. घर बांधलं जातं, पण भाड्याच्या बाजारात येत नाही. २०११ च्या जनगणनेत मुंबईतली लाखो घरं रिकामी नोंदली गेली होती.

सोनाली_ठाणे:
माझा प्रश्न वेगळा आहे. मी फ्लॅट लायसन्सवर दिलाय. दर वर्षी १० टक्के वाढ लिहिली तर चालते का, की ४ टक्केच घ्यायची?

वकीलवाडा:
ताई, हा धागा त्याचा नाही, पण थोडक्यात: ४ टक्क्यांचा नियम भाडेकरारांना आहे. लायसन्स शुल्कात करारात ठरेल ती वाढ. नोंदणी मात्र चुकवू नका, कारण वाद झाला आणि लेखी करार नसला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरायचं असं कायदा म्हणतो.

लाल_वीट:
रिकामी घरं भाडे कायद्यामुळेच, हे सिद्ध होत नाही. गुंतवणूक म्हणून घेतलेलं घर रिकामं राहण्याला इतरही कारणं आहेत. पुरवठा कमी पडला त्याला मुंबई बेटावर भूखंडावर किती बांधता येईल ते ठरवणारा १.३३ चा चटईक्षेत्र निर्देशांक आणि १९७६ चा कमाल जमीन धारणा कायदा कमी जबाबदार आहेत का? तो कायदा महाराष्ट्राने २००७ मध्ये काढला. सगळं पाप एकाच कायद्याच्या माथी मारू नका.

मोजपट्टी:
ते मान्य. एकूण किती घरं झाली नाहीत याचा दोष वाटून घ्यावा लागेल. पण घर कोणत्या स्वरूपात बाजारात आलं, तो भाग या कायद्याच्या खात्यावर जास्त पडतो. स्वातंत्र्यापूर्वी खासगी मालक भाड्यासाठी चाळी बांधायचे. पुढे बांधकाम होतच राहिलं, पण विक्रीसाठी. १९६३ मध्ये मालकी सदनिकांचा स्वतंत्र कायदा करावा लागला तो त्या विक्रीतल्या गैरव्यवहारांसाठी. १९८७ मध्ये नव्या इमारतींना पाच वर्षं प्रमाण भाड्यातून, म्हणजे कायद्याने ठरवलेल्या कमाल भाड्यातून, सूट दिली, पण पाच वर्षांनी काय, या प्रश्नावर गुंतवणूकदार अडतो. इमारत साठ वर्षं उभी राहायची असते.

बाहेरचं एक उदाहरण. सॅन फ्रान्सिस्कोत १९९४ च्या मतदानाने १९८० पूर्वीच्या लहान इमारतींनाही नियंत्रण लागू झालं. त्याचा नंतर अभ्यास झाला. तिथे राहणारे भाडेकरू जागेवर टिकण्याचं प्रमाण वाढलं, म्हणजे हेतू साधला. पण त्या इमारतींतली भाड्याची घरं मालकांनी १५ टक्क्यांनी घटवली, विकून किंवा पाडून बांधून, आणि शहरभरची भाडी सुमारे ५ टक्क्यांनी चढली. आत असलेल्याला मिळालेलं संरक्षण नंतर येणाऱ्याने भरलं.

नळ_आणि_मोरी:
इमारत खचते कशी ते लिहितो, कारण वर सगळे रुपयेच मोजताहेत. जुन्या चाळीत भिंती वजन पेलतात, आणि मजल्याच्या लाकडी तुळयांची टोकं त्या भिंतींत रुतलेली असतात. मोरीच्या कोपऱ्यात किंवा संडासाच्या नळाच्या सांध्यात पाणी झिरपतं आणि बरोबर त्या टोकाला लाकूड कुजतं. वरून दिसत नाही. खालच्या खोलीत छताला ओल, गिलाव्याला फुगा, वरच्या खोलीत फरशी एका बाजूला उतरलेली असं दिसलं की समजायचं. वेळेवर सांधा बदलला तर काम किरकोळ. सांधा सोडला की तुळई बदलावी लागते, तुळई सोडली की टेकू, आणि टेकूवर इमारत वर्षानुवर्षं काढते.

भाडेकरूने दुरुस्ती करून भाड्यातून कापून घ्यावी अशी सोय कायद्यात आहे, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. ७० रुपये भाडं धरा, वर्षाचे ८४०, म्हणजे कापता येतात २१० रुपये. गवंडी तेवढ्यात पाहणीलाही येणार नाही.

लाल_वीट:
म्हणूनच तर दुरुस्ती मंडळ आलं. १९६९ चा कायदा, उपकर घेऊन बेटावरच्या जवळपास १९,६०० इमारतींची जबाबदारी सरकारने उचलली. भाडं कमी ठेवायचं तर दुरुस्तीचा पैसा दुसरीकडून आणायचा, हे धोरण म्हणून चूक नाही.

वकीलवाडा:
धोरण चूक नव्हतं, पण पैसा त्याच विहिरीतून काढायचा होता. उपकर करपात्र मूल्यावर, आणि करपात्र मूल्य प्रमाण भाड्याच्या वर जाऊ शकत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये सांगितलं. भाडं गोठलं तसा पालिकेचा मालमत्ता करही गोठला. मुंबईत भांडवली मूल्यावर कर २०१० पासून आला. तोवर मंडळाने चौरस मीटरमागे खर्चाची मर्यादा घालून दुरुस्त्या केल्या, म्हणजे बहुतेक ठिकाणी पुढचा पावसाळा निघेल एवढंच.

न्यायालयानेही हे पाहिलं. मलपे विश्वनाथ आचार्य खटल्यात १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की १९४० चं भाडं गोठवून ठेवणं आता वाजवी राहिलेलं नाही. पण कायद्याची मुदत ३१ मार्च १९९८ ला संपत होती, म्हणून तो रद्द केला नाही. मुदत वाढवली गेली आणि पुढे आला तो ४ टक्क्यांचा कायदा.

मोजपट्टी:
आणि १९९१ नंतर आणखी एक वळण. विकास नियमावलीच्या ३३(७) खाली उपकरप्राप्त इमारत पाडून बांधली तर भाडेकरूला मालकीचं घर मोफत, मालक-विकासकाला जादा चटईक्षेत्र. आज १२० चौरस फुटांच्या खोलीबद्दल किमान ३०० चौरस फूट. आता भाडेकरूने वर्गणी काढून तुळई का बदलावी? मालकाने तरी का? इमारत जितकी लवकर अतिधोकादायक यादीत येईल तितकं दोघांच्या सोयीचं. यादीत आल्यावरही लोक खोली सोडत नाहीत, कारण संक्रमण शिबिरात गेलेला कधी परत येईल याचा भरवसा नाही. भेंडी बाजारातली हुसैनी इमारत २०१७ च्या ऑगस्टमध्ये कोसळली, ३३ माणसं गेली. ती तर पुनर्विकासाच्या योजनेत होती.

लाल_वीट:
हा मुद्दा पटतो, पण हा दोष ३३(७) चा आहे, मर्यादेचा नाही. १९४७ पासून दर वर्षी महागाईइतकी वाढ दिली असती आणि नव्या भाडेकरूसाठी भाडं मोकळं ठेवलं असतं, तर तुमची गच्ची झाली असती आणि कोणाला बाहेरही पडावं लागलं नसतं. नियंत्रण ठेवा, गोठवू नका.

मोजपट्टी:
कागदावर मान्य. पण ती वाढ दर वर्षी देणार कोण? एका मालकामागे चोवीस भाडेकरू मतदार. पहिल्या वर्षी महागाईइतकी वाढ मिळेल, निवडणुकीच्या वर्षी ‘यंदा स्थगिती’, आणि पंधरा वर्षांत आपण पुन्हा त्याच आकड्यावर. मुंबईत ते साठ वर्षं झालं.

लाल_वीट:
मग उलट विचारतो. उद्या भाडं मोकळं केलं तर लालबागच्या खोलीतल्या सत्तर वर्षांच्या बाईने जायचं कुठे? तिची खोली चांगली होईल, पण त्या खोलीत ती नसेल.

नळ_आणि_मोरी:
तुमचं दोघांचं चालू द्या. ज्यांच्या घरी तुळईचं टोक ओलं आहे त्यांनी पावसाळ्याआधी मोरीचा सांधा उघडून बघा. मंडळाचं सर्वेक्षण होईपर्यंत थांबू नका.