मदत हवी आहे: भिवंडीच्या गोदामासाठी कन्व्हेयर घ्यावा की रोबो?

सुटेभाग_ठाणे: आमचे दुचाकींच्या सुट्या भागांचे गोदाम भिवंडीत आहे. माल काढायला २४ माणसे असूनही संध्याकाळच्या गाड्या उशिरा सुटतात. मांडणी उचलून माणसापाशी आणणाऱ्या रोबोंसाठी एका पुरवठादाराने २ कोटींचा भाव दिला असून १२ माणसे कमी होतील असे तो म्हणतो. घ्यावे की नाही, एवढेच कृपया सांगावे. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचे आहे.

तळोजाकर: सरळ कन्व्हेयर बसवा. आमच्याकडे त्याचे पैसे लवकर वसूल झाले.

हिशेबनीस: तळोजाकर, तुमच्याकडे बंद खोकी एकाच वाटेने जातात, म्हणून ते जमले. इथे माणूस एका ऑर्डरसाठी पाच रॅकपाशी फिरत असेल, तर भरलेला क्रेट पट्ट्यावरून गेला तरी त्याचे रॅकमधले चालणे तसेच राहील. सुटेभाग, पाळ्या किती आहेत आणि जागेचा करार किती वर्षांचा उरला आहे?

सुटेभाग_ठाणे: पाळी अर्थातच एक. करार तीन वर्षांचा उरला आहे. त्याचा इथे काय संबंध?

शीतगृह_तुर्भे: उणे तापमानात रोबोंची बॅटरी टिकते का?

हिशेबनीस: तो वेगळा विषय आहे, त्यासाठी नवा धागा काढावा. सुटेभाग, संबंध असा आहे: पीएफ धरून माणशी महिना २२,००० रुपये मानले, तर १२ माणसांचे वर्षाला सुमारे ३२ लाख वाचतात. देखभाल किमतीच्या १० टक्के धरली, तर २० लाख तिथेच जातात आणि उरलेल्या १२ लाखांतून २ कोटी वसूल व्हायला सोळा-सतरा वर्षे लागतील. तेच रोबो दोन पाळ्या चालले आणि दोन्हींत तेवढीच माणसे वाचली, तर हातात ४३ लाख उरतात आणि वसुली पाच वर्षांच्या आत येते. पण तुमचा करार त्याआधीच संपतो. रोबो उचलून नेता येतील, फरशीवर केलेला खर्च मात्र मालकाच्या जागेतच राहील. तुमची फरशी कशी आहे?

सुटेभाग_ठाणे: पेव्हर ब्लॉकची. पुरवठादाराने ती पाहिलेली नाही.

हिशेबनीस: मग त्याचा भाव अपुरा आहे. सांध्यांवर चाके अडखळतात आणि जड मांडणी उचललेली असताना ते धोक्याचे ठरते. आधी महिन्याभराच्या ऑर्डरी काढून सर्वाधिक खपणारे भाग पाठवणी टेबलाजवळ आणा आणि सहा-आठ ऑर्डरी एकाच ट्रॉलीवर एकत्र काढा. एवढ्याने गाड्या वेळेवर सुटल्या, तर तुमची अडचण चालण्याचीच होती हे कळेल. नाही सुटल्या, तर पॅकिंगच्या टेबलापाशी उभे राहून पाहा. तिथे क्रेट साचत असतील, तर रोबोंमुळे ती रांग फक्त वाढेल.

तळोजाकर: माणसे मिळतच नाहीत, त्याची किंमत तुम्ही धरलीच नाही. दिवाळीत आमची निम्मी माणसे गावी जातात.

हिशेबनीस: ते मान्य आहे, पण त्या दिवसांसाठी रोबो भाड्याने मिळत असतील तर तो भाव आधी मागवावा.

सुटेभाग_ठाणे: क्रेट पॅकिंगपाशी साचतात खरे, रोज चारनंतर. पण शुक्रवारी साहेबांना काय सांगू?