मदत हवी आहे: गरीब मतदार वाटप का घेतात? अर्जेंटिनावर निबंध लिहितेय

चहाबिस्किट

नमस्कार मंडळी. एमए राज्यशास्त्र, दुसरं वर्ष. तुलनात्मक राजकारणाच्या पेपरला निबंध आहे, मतं विकत घेण्यावर, आणि मला देश मिळालाय अर्जेंटिना. मी लिहिलं की लोक गरीब आहेत, भुकेला माणूस आधी पोटाचं बघतो, म्हणून वाटप घेतो, आणि मग मत देतो. मॅडमनी "म्हणून" या शब्दाला गोल करून बाजूला लिहिलं, "घेतलं हे समजलं, पण मत का दिलं? मतदान गुप्त आहे ना?" आता अर्जेंटिनात गुप्त मतदान १९१२ पासून आहे, म्हणजे घ्यायचं आणि वाट्टेल त्याला मत द्यायचं असं कोणीही करू शकतो, मग पक्ष वाटतात तरी कशाला? यावर पानभर तरी नीट लिहायचंय. स्टोक्स बाईंचा २००५ चा लेख वाचलाय पण त्यातलं गणित डोक्यावरून गेलं. कोणी सोप्या भाषेत सांगेल का?

रोखठोक

यात गणित कसलं आलंय. लोक अडाणी ठेवलेत म्हणून हे चालतं. आणि खरं सांगू का, लोक तेवढे अडाणीही नाहीत, लक्ष्मीदर्शन सगळ्यांकडून घेतात आणि बटण स्वतःच्या मनाने दाबतात. आमच्याकडे तर एका घरात तीन पक्षांची पाकिटं येतात. तीन पाकिटं आली म्हणून तीन मतं थोडीच देता येतात. त्यामुळे "विकत घेतलं" हेच मुळात खोटं आहे, लिहून टाका तसं.

लातूरचा_भाचा

लाडकी बहीण वर लिहा की ताई, ताजं उदाहरण आहे, २०२४ ला दीड हजार महिना सुरू झाला आणि निकाल काय लागला सगळ्यांनी पाह्यलं. अर्जेंटिनाला कशाला जाता?

दक्षिणवारा

भाचेसाहेब, धागा वेगळ्या गोष्टीवर आहे. लाडकी बहीणचे निकष कागदावर छापलेले आहेत, उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या बाईने विरोधी पक्षाला मत दिलं तरी गल्लीतला कार्यकर्ता तिचा हप्ता स्वतःच्या मर्जीने तोडू शकत नाही. त्याला मतांसाठीची योजना म्हणा, लाच म्हणा, तुमचं मत, पण चहाबिस्किटचा विषय आहे "तू आमच्याबरोबर असशील तरच तुला" असं वाटप, आणि ते कुणाला द्यायचं ते ठरवणारा माणूस तुमच्याच गल्लीत राहतो.

चहाबिस्किट, अर्जेंटिनात त्या माणसाला पुंतेरो म्हणतात. तिथल्या मोठ्या पेरोनवादी पक्षाचा वस्तीतला माणूस, बऱ्याचदा बाईच. निवडणुकीच्या आदल्या रात्री अचानक उगवणारा हा प्राणी नाही, वर्षभर तिथेच असतो. पोराला औषध हवं, अँब्युलन्स हवी, छपराला पत्रा हवा, नगरपालिकेत कुणाला तरी फोन हवा, की लोक त्याच्याच दारात. ब्युनोस आयर्सच्या कडेच्या झोपडपट्टीत अभ्यास करून आउयेरो नावाच्या समाजशास्त्रज्ञाने हे टिपलंय, आणि पुंतेरोच्या जवळचे लोक त्याला मतांचा सौदा म्हणतच नाहीत, अडीनडीला धावून येणारं माणूस म्हणतात. २००१ च्या प्रचारात काय काय वाटलं गेलं याची लोकांनी सांगितलेली यादी स्टोक्सच्या लेखातच आहे बघा, खाण्याच्या पिशव्या सगळ्यात जास्त, पण गाद्या, चष्मे, कोंबड्या, पत्रे हेही.

आता तुमचं गणित. समजा पिशवीची किंमत मतदाराला १० वाटते, आणि मनातला पक्ष सोडून पेरोनवाद्यांना मत द्यायचं दुःख ४. पुंतेरोला काहीच कळणार नसेल तर पिशवी घेऊन मनासारखं मत दिलं की १० मिळाले, शब्द पाळला तर ६. म्हणजे शहाणा माणूस फसवणारच, आणि हे पुंतेरोलाही कळतं, मग तो पिशवी देणारच नाही. रोखठोक यांचं म्हणणं इथपर्यंत बरोबर आहे.

पण खेळ एकदाचा नसतो. पुढच्या वर्षीही पिशवी आहे, मध्ये औषध आहे. फसवलं आणि कळलं तर ते सगळं बंद. नुसती पुढची एक पिशवी गेली असं धरलं तरी, पकडले जायची शक्यता शंभरात ४० च्या वर असेल तर शब्द पाळणं परवडतं. पण जाणारी गोष्ट मोठी असेल, समजा १०० च्या किमतीची, तर शंभरात ५ इतकी शक्यताही पुरते, कारण ५ हे ४ पेक्षा जास्त आहेत. २००२ मध्ये तिथे बेरोजगार घरप्रमुखांसाठी महिना १५० पेसोची योजना आली, सरकार कोसळल्यानंतरचं वर्ष, निम्म्याहून जास्त लोक गरिबीत. कागदावर ती सगळ्या पात्र लोकांसाठीच होती, पण यादीत नाव पुढे सरकवणारा पुंतेरो आहे असं ज्याला वाटतं तो उगाच जोखीम घेईल का?

आणि गरीबच का, तर तीच पिशवी डॉक्टरच्या बायकोला १० ची वाटत नाही, १ ची वाटते. तेवढ्यासाठी ती मनाविरुद्ध मत देणार नाही. यात अडाणीपणा कुठेच लागत नाही.

चहाबिस्किट

हे कळलं, खूप धन्यवाद दादा (की ताई?). पण शंभरात ५ तरी कसं कळणार? आत पडद्यामागे कोण बघतं?

दक्षिणवारा

दादा 😀

आत कोणी बघत नाही, पण तिथली मतपत्रिका आपल्यासारखी नव्हती. प्रत्येक पक्ष आपापली पत्रिका स्वतः छापायचा. मतदाराला केंद्रावर अधिकाऱ्याची सही असलेलं पाकीट मिळायचं, बंद खोलीत सगळ्या पक्षांचे गठ्ठे ठेवलेले असायचे, त्यातली हवी ती घालून पाकीट पेटीत टाकायचं. पण पत्रिका बाहेरही मिळायच्या, म्हणजे पुंतेरो सकाळी दारात येऊन पिशवीबरोबर पत्रिकाही हातात द्यायचा आणि गाडीत बसवून केंद्रावर न्यायचा. खोलीत जाऊन बदलता येते, कायद्याने गुप्तता शाबूत आहे, पण तोंडावर काही न दिसू देता परत त्याच्याच गाडीत बसायचं असतं. लोकांनी मुलाखतीत सांगितलंय की त्याला चेहऱ्यावरून कळतं. खरंच कळतं का हा प्रश्नच नाही, कळतं असं वाटलं की काम झालं.

साखळीची युक्तीही होती. पहिला माणूस सही असलेलं कोरं पाकीट खिशात घालून बाहेर आणतो, पुंतेरो त्यात आपली पत्रिका घालून दुसऱ्याला देतो, दुसरा ते भरलेलं टाकून स्वतःला मिळालेलं कोरं बाहेर आणतो, असं दिवसभर. देशपातळीवर सगळे पक्ष एकाच कागदावर असलेली सरकारी पत्रिका २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा वापरली. त्याचा परिणाम काय हे सांगायला अजून वेळ आहे, निबंधात घाईने काही ठोकून देऊ नका.

चाळीतली_मंदा

मी अर्जेंटिना वगैरे बघितलेलं नाही पण आमच्या वॉर्डात मुंबई महापालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत जे झालं ते सांगते. वाटायला माणूस आला तो आमच्याच मजल्यावरचा पोरगा. यादी त्याच्याकडे, पैसे त्याच्याकडे. काही घरांना दिले, काही घरांच्या नावावर स्वतः ठेवले, हे सगळ्या चाळीला माहीत. वर उमेदवाराला सांगितलं सगळी चाळ आपली. दुसऱ्या पक्षाचंही तोच वाटत होता असं म्हणतात, मी स्वतः बघितलं नाही. मत कुणी कुणाला दिलं हे त्याला काय डोंबल कळणार. मग उमेदवार पैसे घालवतात कशाला हे मला कळत नाही.

दक्षिणवारा

मंदाताई, तुमच्या वॉर्डासारख्याच गोष्टींवर सिमोन शोशार या राज्यशास्त्राच्या अभ्यासकाने मुंबईत काम केलंय, २०१४ ची विधानसभा आणि २०१७ ची महापालिका. त्याचं म्हणणं साधारण असं, की वाटणारे भरवशाचे नाहीत हे उमेदवारांना पक्कं माहीत असतं, मतं मिळतील अशी खात्रीही नसते, पण समोरचा वाटतोय आणि आपण नाही वाटलं तर मागे पडू या भीतीने सगळेच वाटतात. तिथे सौदा असा होतच नाही. रोखठोक यांची तीन पाकिटं याच खात्यात जातात. पुंतेरोसारखी वर्षभराची पकड जिथे आहे तिथलं गणित इथे लावायचं नाही.

रोखठोक

म्हणजे मी बरोबरच होतो.

दक्षिणवारा

मुंबईपुरते, बहुतेक. घेणारा अडाणी हे सोडून.

चहाबिस्किट

अजून एक अडकलंय. गणितानुसार पिशवी द्यायला हवी ती थोड्याशा विरोधातल्या माणसाला, दुःख ४ वाला. ज्याचं दुःख १५ आहे तो १० च्या पिशवीसाठी वळणार नाही, आणि जो आधीच पेरोनवादी आहे तो तसाही त्यांनाच मत देणार. पण मी वाचलं त्यात पुंतेरो जास्त करून आपल्याच लोकांना देतात असं आहे. मग?

दक्षिणवारा

छान पकडलंत, पूर्ण वाद इथेच आहे. स्टोक्स आणि तिच्या सहकाऱ्यांनीच २०१३ च्या पुस्तकात यावर उत्तर दिलं, की पक्षाला जे हवं ते पुंतेरोला हवं असतंच असं नाही. पक्षाला वळणारी मतं हवीत. पुंतेरोला वरच्या माणसाला दाखवायला बस भरून माणसं हवीत, सभेला येणारी, आणि ती स्वस्तात मिळतात ती आपल्याच लोकांतून. थोडंफार स्वतःलाही उरतं. मंदाताईंचा मजल्यावरचा पोरगा बघा.

सांडगेमिरची

थोडं असहमत. निक्टर नावाच्या अभ्यासकाने २००८ मध्ये सोपं उत्तर दिलंय, स्टोक्सचाच डेटा घेऊन. आपल्या माणसाला पिशवी द्यायची ती मत वळवायला नाही, घरातून बाहेर काढायला. आला की नाही हे तर केंद्राबाहेर उभं राहून दिसतं, गुप्ततेचा प्रश्नच संपला. पुंतेरो लबाड आहे असं मानायची गरज नाही.

दक्षिणवारा

पण अर्जेंटिनात १८ ते ७० वयाला मतदान सक्तीचं आहे हो. बाहेर काढायला पिशवी कशाला लागते?

सांडगेमिरची

सक्ती कागदावर. दंड नाममात्र, आणि २००१ ला चारातला साधारण एक आलाच नव्हता. तो चौथा माणूस बहुतेक गरीब वस्तीतलाच असणार.

दक्षिणवारा

असेल. पण मग पुंतेरोने न येणाऱ्यांनाच शोधून द्यायला हवं, आणि वर्षभर सभेला येणारा, दारात बसणारा माणूस मतदानाला न येणारा कसा? पिशव्या तर त्यालाच मिळतात. हे मला निक्टरच्या बाजूने नीट सुटलेलं वाटत नाही.

चहाबिस्किट

दोघांचंही लिहू का मग? शब्दमर्यादा तीन हजार आहे आणि मुख्य प्रश्न गरीब का घेतात हा आहे.

सांडगेमिरची

लिही, पण "का घेतात" पहिल्या परिच्छेदात संपव. पिशवी म्हणजे त्यांच्यासाठी आठवड्याचं खाणं, नाही म्हणायला काही कारणच नाही, त्यावर पानं घालवू नकोस. "नाही म्हटलं तर काय जातं" यावर लिही. पुंतेरोचं वाटप नाकारणारा माणूस नुसती पिशवी सोडत नाही, तो स्वतः जाहीर करतो की मी तुमचा नाही. ज्यांनी आउयेरो वाचलाय ते सांगतील की पोर आजारी पडल्यावर रात्री कुणाचं दार वाजवायचं हा प्रश्न तिथे निवडणुकीपेक्षा मोठा आहे.

लातूरचा_भाचा

मग लाडकी बहीण नको म्हणता?

चहाबिस्किट

दादा, एक परिच्छेद देते, फरक दाखवायला 🙏 आणि दक्षिणवारा दादा, ४ आणि १० चं उदाहरण निबंधात वापरलं तर चालेल ना?

दक्षिणवारा

वापरा. आकडे माझ्या मनाचे आहेत तेवढं लिहा, नाहीतर मॅडम पुन्हा गोल करतील.