मलमलीच्या शर्टाची शिवण

> बिनअस्तराचा मलमलीचा शर्ट शिवतेय. फ्रेंच, फ्लॅट फेल की पट्टी लावून, कुठली शिवण घेऊ?

बगलेला आणि खांद्याला डोळे झाकून फ्रेंच घ्या. मार्जिन दीड सेंमी ठेवा. सुलट बाजू बाहेर ठेवून पहिली टीप ९ मिमीवर मारा, मग मार्जिन कापून ३ मिमी करा, इस्त्री करा, कापड उलटवून ६ मिमीवर दुसरी टीप. कापायचा कंटाळा केलात तर सुलट बाजूने शिवणीतून दोऱ्यांच्या मिशा डोकावतात. माझ्या पहिल्या कुर्त्याला त्या अजून आहेत.

खरी गोची मुंढ्याची. गोलाईत फ्रेंचचे थर ताठ होतात, बाही बसत नाही. तिथे साधी टीप मारून मार्जिन ६ मिमी ठेवा आणि त्याच कापडाची अडीच सेंमी रुंद उरेब पट्टी चढवा. सरळ कापलेली पट्टी वळणावर चुण्या पाडते.

फ्लॅट फेलला सुलट बाजूला टीप दिसते आणि पातळ कापडावर ती जराही वाकडी गेली की लपत नाही. ती जाड पॉपलीनला शोभते. घ्यायचीच असेल तर बाहीचा माथा उथळ हवा आणि बगल शिवण्याआधी बाही सपाट जोडा.

आधी उरलेल्या तुकड्यावर करून बघा, मलमल उसवली की भोकं राहतात.