अनुभव धागा: पंधरा इंची स्टील की सोळा इंची अलॉय?

बलेनो घ्यायची आहे. डेल्टाला 185/65 R15 टायर आणि स्टील रिम, झेटाला 195/55 R16 आणि अलॉय. रोजचा रस्ता खड्ड्यांचा. वापरणाऱ्यांनी आणि जाणकारांनी लिहा.

घाटवाट: रबराची उंची मोजा. १८५ चे ६५ टक्के म्हणजे साधारण १२० मिमी, १९५ चे ५५ टक्के १०७. चाकाचा बाहेरचा व्यास जवळपास तोच राहतो, पण रिम आणि रस्ता यांच्यातलं रबर १३ मिमीने कमी होतं. खड्ड्याच्या धारदार कडेवर आदळलं की टायर कडा आणि रिमच्या मध्ये चिमटला जातो, आतले धागे तुटतात आणि बाजूला फुगा येतो. फुगा आलेला टायर बदलायचाच, त्याला पॅच चालत नाही.

मंदार_के: म्हणूनच सोळा इंचीत हवा दोन-तीन पॉइंट कमी ठेवायची. गाडी मऊ चालते.

घाटवाट: मऊ चालेल हो, पण टायर जास्त दबेल आणि चिमटा लवकर बसेल. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरचा आकडा ठेवा, तोही टायर थंड असताना.

सुनंदा: माझ्या अलॉयवर पार्किंगच्या कठड्याने ओरखडे आलेत. पॉलिश करून जातील का?

रिमझिम: ताई, ओरखड्यांचं नंतर बघू, चीर आधी शोधा. एकाच चाकातली हवा दर आठवड्याला उतरत असेल आणि पंक्चर सापडत नसेल, तर चाक काढून रिमच्या आतल्या कडेला साबणाचं पाणी लावायचं. मार बहुतेकदा आतल्या बाजूला बसतो, बाहेरून रिम चकाचक दिसते. स्टील रिम वाकली तर ठोकून सरळ होते. अलॉय थोडी वाकली असेल तर मशीनवर निघते, पण चीर गेलेली वेल्ड करून पुन्हा वापरू नये.

तात्या: इन्शुरन्स आहे ना, कशाला एवढा विचार?

रिमझिम: नुसता टायर फुटला तर नेहमीच्या पॉलिसीत काही मिळत नाही. त्याच वेळी गाडीलाही मार बसला तरच टायरचे पैसे, तेही निम्मे. टायरसाठी वेगळं ॲड-ऑन असतं, त्यात फुगा धरलाय का ते वाचून घ्या. शिवाय 185/65 R15 डिझायर, अर्टिगालाही लागतो, त्यामुळे लहान गावातही मिळतो. 195/55 R16 साठी बऱ्याचदा ऑर्डर द्यावी लागते.

मंदार_के: मग झेटा घेऊन पंधराच्या रिम बसवल्या तर?

घाटवाट: व्यास जुळतो, स्पीडोमीटरला फरक पडणार नाही. आधी एक रिम बसवून, चाक हाताने फिरवून कॅलिपरला घासत नाही ना ते पाहा. वॉरंटीचं मात्र डीलरकडून लेखी घ्या. दोन डीलरांची दोन उत्तरं येतात.