गुलाबी मीठ, साधं मीठ आणि आपला ग्रुप

*(सोसायटी ग्रुप, लातूर)*

सुनीता काकू, बी-२०४: बायांनो, श्रावणापासून मी घरातलं साधं मीठ बंदच केलं. आता सगळं सैंधवातच. ८४ खनिजं असतात म्हणे, अन् बीपीला पण चांगलं. सूनबाईला पाचवा महिना लागलाय, म्हणलं तिलाही तेच. कुणाला पाहिजे असंल तर सांगा, मार्केट यार्डातून ५ किलोचं पोतं आणायलोत.

प्रशांत, ए-१०३: काकू, माझे २ किलो लिहा. साध्या मिठात सायनाइड असतं असं परवाच फॉरवर्ड आलतं.

अनघा वहिनी, सी-३०१: मी तर सी सॉल्ट आणते. महाग आहे पण नैसर्गिक.

कुलकर्णी काका, ए-४०२: जरा थांबा. नोकरीभर प्रयोगशाळेत मीठच तपासलंय, एवढं बोलू द्या. तुम्ही पुड्यावरचे शब्द एकमेकांच्या विरोधात उभे करायलात, अन् ते तसे नाहीतच. "समुद्री" म्हणजे मीठ कुठून आलं ते. "टेबल सॉल्ट" म्हणजे धुऊन, बारीक करून, मोकळं राहावं असं केलेलं. "आयोडीनयुक्त" म्हणजे वरून काय घातलं ते. एकाच पुड्याला तिन्ही शब्द लागू होऊ शकतात. अनघा, आपल्या देशातलं बरंचसं साधं मीठ गुजरातेत समुद्राचं नाहीतर जमिनीखालचं खारं पाणी वाळवूनच निघतं. तू त्याच समुद्राचे जास्तीचे पैसे द्यायलीस.

अनघा वहिनी, सी-३०१: 😐 मग सैंधव?

कुलकर्णी काका, ए-४०२: तो खाणीतला दगड. गुलाबी येतो तो बहुतेक पाकिस्तानातल्या खेवड्याच्या खाणीतला, अन् रंग लोहाच्या अंशाचा. बाकीची खनिजं आहेत, पण इतकी किरकोळ की त्यातून काही मिळवायचं तर चमच्यानं मीठ खावं लागंल. तेही मुळात सोडियम क्लोराइडच. बीपीला जे बाधतं ते दोन्हीत जवळपास सारखंच.

सुनीता काकू, बी-२०४: पण भाऊजी, सैंधव कमी खारट लागतं की हो. मी तर चमचाभर जास्तच टाकते.

कुलकर्णी काका, ए-४०२: तेच तर! बारीक मिठाचा चहाचा सपाट चमचा साधारण ६ ग्रॅम भरतो. जाड खड्यांच्या मधे हवा राहते, म्हणून तोच चमचा कमी भरतो. खारटपणा कमी नाही, चमच्यात मीठ कमी. किचनच्या काट्यावर ठेवून बघा.

प्रशांत, ए-१०३: अन् सायनाइड?

कुलकर्णी काका, ए-४०२: पुड्यावर ५३६ आकडा दिसंल. गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेलं फेरोसायनाइड, तेही अगदी कणभर. त्यातला सायनाइड लोखंडाला घट्ट बांधलेला असतो. नावाला भिऊ नको.

काकू, मला काळजी सूनबाईची. हे जरा नीट वाचा. आयोडीनयुक्त मिठात दुकानात पोचेपर्यंत किलोला निदान १५ मिलिग्रॅम आयोडीन असलंच पाहिजे, म्हणजे ग्रॅमला १५ मायक्रोग्रॅम. दिवसाचं ५ ग्रॅम मीठ धरलं तर ७५ मायक्रोग्रॅम झालं. मोठ्या माणसाची गरज १५०, पोटुशीची २५०. राहिलेलं दूध, दही, अंड्यातून यायला पाहिजे, अन् समुद्राची मासळी आपल्याकडं कोण रोज खातं? आता ते ७५ पण काढून घेतले तर? आयोडीन न घातलेल्या सैंधवात ते जवळपास नसतंच. बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉइडवर चालते, अन् थायरॉइडला आयोडीन लागतं.

सुनीता काकू, बी-२०४: आगं बया. पण पुड्यावर "शुद्ध" लिहिलंय.

शिल्पा ताई, आशा वर्कर, बी-१०१: काकू, शुद्ध वाचू नका, मागची घटकांची यादी वाचा. "पोटॅशियम आयोडेट" दिसलं पाहिजे. हसऱ्या सूर्याचं चिन्ह असलं तर ते आयोडीनचं. संध्याकाळी मी किट घेऊन येते. चिमूटभर मिठावर थेंब टाकला की आयोडीन असलं तर निळं-जांभळं होतं, नसलं तर पांढरं ते पांढरंच. दोन्ही मिठं शेजारी ठेवू.

कुलकर्णी काका, ए-४०२: छान. अन् काकू, मीठ गॅसजवळच्या उघड्या बरणीत नको. ऊन, ओल अन् वाफ लागली की आयोडीन कमी होतं. झाकणाचा डबा घ्या, अन् भाजीत मीठ शेवटी टाका. आयोडीनच्या गोळीचं मात्र डॉक्टरांनाच विचारा, मनानं नको.

अनघा वहिनी, सी-३०१: मग उपासाला काय? मला तर सैंधवच चालतं.

कुलकर्णी काका, ए-४०२: खुशाल खा. चतुर्थी-एकादशीनं काही बिघडत नाही. रोजच्या वरणात आयोडीनचं असलं म्हणजे झालं.

प्रशांत, ए-१०३: काका, आमच्या बाबांना लो सोडियम आणायचा विचार होता.

कुलकर्णी काका, ए-४०२: त्यात थोडं सोडियम काढून पोटॅशियम घालतात. बीपीला उपयोगी पडतं, पण किडनी कमजोर असंल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर पोटॅशियम अंगात साचतं, अन् ते हृदयाला धोक्याचं. बाबांच्या गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांना दाखव, मगच आण.

सुनीता काकू, बी-२०४: पोतं रद्द. शिल्पा, सहाला ये. चहा टाकते.