नुसतं ‘हाय’ करून गप्प होणारी गिऱ्हाइकं: तुमचा अनुभव सांगा

चाटीगल्लीवाली
आमचं चाटी गल्लीत चादरी-टॉवेलचं दुकान आहे. दादा गल्ल्यावर बसतात, व्हॉट्सॲपवरचं मी बघते. रोज दोन-चार जण ‘हाय’ नाहीतर ‘नमस्कार’ पाठवतात. मी लगेच लिहिते, ‘नमस्कार, बोला, काय हवं होतं?’ आणि तिथंच सगळं थांबतं. दार वाजवून पळून जाणाऱ्या पोरांसारखं. दादा म्हणतात, “टाईमपास आहेत बे सगळे.” मला तसं वाटत नाही. दुकानाच्या पायरीवर उभा राहून कुणी नमस्कार करून पळत नाही. तुमच्याकडे असं होतं का? परत विचारता का, आणि कसं?

साखरपेठ_अण्णा
सोपं आहे. निळ्या टिका आल्या म्हणजे वाचलं, आणि वाचूनही उत्तर नाही म्हणजे घ्यायचं नाही. निळ्या आल्याच नाहीत तर वाचलेलंच नाही, तेव्हा तोच मेसेज परत पाठवायचा. मी असंच करतो.

उलट_टपाल
अण्णा, अर्धं बरोबर आहे. वाचल्याची खूण बंद ठेवता येते, मग निळं कधीच दिसत नाही. वरच्या पट्टीतूनच मेसेज वाचला तरी टिका करड्याच राहतात. एकच टिक बराच काळ राहिली तर फोन बंद असेल, नेट नसेल किंवा तुम्हाला ब्लॉक केलं असेल, यातलं काय ते बाहेरून कळत नाही. तेव्हा टिकांवरून माणसाचं मन ओळखू नका. तोच मेसेज परत पाठवलात तर ज्यानं आधीच वाचलाय त्याला तगादा वाटतो.

सीमेवरची
मी गप्प बसणाऱ्या गिऱ्हाइकांपैकी. आमच्या घरी कन्नड. मराठी बोलते, वाचतेही, पण टाईप करायला वेळ लागतो. ‘काय हवं होतं?’ याचं उत्तर द्यायचं म्हणजे अख्खं वाक्य जुळवायचं. किती नग, कुठला साईज, रंग. रात्री करू म्हणते आणि राहून जातं. दोन दिवसांनी लिहायचीच लाज वाटते. टाईमपास नसतो ओ तो.

जुळे_सोलापूरची_आई
अगदी अगदी! आमच्या लेकासाठी एका स्थळाला नमस्कार पाठवला, त्यांनीही उलट नमस्कार केला, मग आठ दिवस शांतता. पत्रिका आपणच आधी पाठवावी का?

चाटीगल्लीवाली
काकू, मी दुकानाचं विचारत होते. पण पाठवा पत्रिका, त्यांनाही कदाचित तोच प्रश्न पडला असेल.

उलट_टपाल
थोडं सविस्तर लिहितो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या चौकश्या काही वर्षं माझ्याकडे होत्या.

पहिली गोष्ट, तो ‘हाय’ बऱ्याचदा माणसानं लिहिलेलाच नसतो. जाहिरातीवरचं बटण दाबलं की चॅट उघडतं आणि खोक्यात वाक्य आधीच भरलेलं असतं, त्यानं फक्त पाठवलेलं असतं. त्याला चादर आवडली होती एवढंच, बोलायची तयारी अजून झालेली नसते. हे भरलेलं वाक्य बदलता येतं. आम्ही ‘लग्नाच्या आहेरासाठी टॉवेलचे दर हवेत’ असं टाकलं. चौकश्या कमी झाल्या, पण आलेल्यांशी बोलणं पुढं सरकायला लागलं.

दुसरी, बिझनेस ॲपमधला आपोआप जाणारा स्वागताचा मेसेज. पहिल्यांदा कुणी लिहिलं, किंवा 14 दिवस बोलणं नसताना परत लिहिलं, की तो जातो. त्यापाठोपाठ तुम्हीही ‘नमस्कार, बोला’ लिहिता. समोरच्याला एका नमस्काराचे दोन नमस्कार परत मिळतात आणि माहिती काहीच नाही. घरातल्या दुसऱ्या फोनवरून स्वतःच्या दुकानाला ‘हाय’ करून बघा, काय दिसतं ते कळेल.

तिसरी आणि मोठी. त्यानं दार वाजवलं, तुम्ही ‘बोला’ म्हणालात, म्हणजे काम परत त्याच्याच डोक्यावर. दुकानात आपण असं करत नाही. बसा म्हणतो आणि दोन चादरी उलगडतो.

चाटीगल्लीवाली
हे पटलं. दुसऱ्या फोनवरून केलं, खरंच दोन नमस्कार आले, तेही पहिला इंग्रजीत! आता गप्प झालेल्यांना परत कसं लिहू ते सांगा.

उलट_टपाल
एक प्रसंग सांगतो. रात्री साडेनऊला इंडीकडच्या एका नंबरवरून ‘नमस्ते’ आलं. आमच्या पोरानं ‘बोला सर’ लिहिलं. पुढं काही नाही. दुसऱ्या दिवशी रात्री नऊला मी लिहिलं:

‘नमस्कार, काल तुमचा मेसेज आला होता. टॉवेल घरासाठी हवेत की टॉवेल-टोपीच्या आहेरासाठी? नुसतं घर किंवा आहेर लिहिलं तरी चालेल, बोलून पाठवलं तरी चालेल. सध्या नको असतील तर उत्तराची गरज नाही.’

सोबत दोनच फोटो, दोन्हीवर दर. दीड दिवसानं कन्नड-मराठी मिसळलेला आवाजी मेसेज आला. पुतण्याचं लग्न, 35 टॉवेल. त्या रात्री गप्प का झाला होता तर किती माणसांना आहेर करायचा ते घरात ठरलंच नव्हतं. आमच्यावर राग बिग काही नव्हता.

नऊ का? आदल्या रात्री तो त्याच सुमाराला मोकळा होता. सकाळी अकराला तो शेतात नाहीतर मोटारसायकलवर. दुसरं कारण तांत्रिक आहे. मोठी दुकानं ॲपऐवजी एपीआयवरून मेसेज पाठवतात. तिथं गिऱ्हाइकाच्या शेवटच्या मेसेजपासून 24 तास उलटले की मोकळं लिहिता येत नाही, आधी मंजूर करून घेतलेला साचाच पाठवावा लागतो. तुमच्या साध्या ॲपला ती अट नाही, तरी दुसऱ्याच दिवशी लिहिलेलं बरं. आठवड्यानं लिहिलं तर त्याला तुमचं दुकान आठवतही नाही.

‘माझा मेसेज बघितला का?’ असं मात्र लिहू नका. नुसतं प्रश्नचिन्ह तर नकोच. आणि लिहायचं ते एकदाच.

सीमेवरची
‘बोलून पाठवलं तरी चालेल’ हे वाचूनच मी उत्तर दिलं असतं. पण दराशिवाय नुसते फोटो आले की मी परत गप्प. दर विचारला की घ्यावंच लागेल असं वाटतं.

गड्डा_रिटर्न
‘उत्तराची गरज नाही’ हे मला टोमण्यासारखं वाटलं. आमच्या घरी कुणी असं म्हणालं की समजायचं, रागावलंय.

उलट_टपाल
बोलताना वाटतं खरं. माझा अनुभव असा की त्या वाक्यानं काही जण उलट ‘नको आहे, धन्यवाद’ लिहितात, तेवढाच आपला जीव मोकळा. पण सगळ्यांना ते नीट लागत असेल असं नाही. काढून बघा.

साखरपेठ_अण्णा
एकदाच का पण? मी तीनदा विचारतो. तिसऱ्यांदा घेतलेली गिऱ्हाइकं आहेत माझ्याकडे.

उलट_टपाल
असतील अण्णा. पण तीनदा विचारल्यावर ज्यांनी ब्लॉक केलं ते तुमच्या हिशेबात येत नाहीत, त्यांची फक्त एक टिक दिसते. मी एकदाच लिहितो. गड्ड्याच्या जत्रेच्या वेळी नवा माल आला की स्टेटसला टाकतो, ज्याला हवं तो बघतो. अर्थात ज्यांनी माझा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच ते दिसतं, ही त्यातली गोम.

चाटीगल्लीवाली
काल रात्री सहा जणांना लिहिलं, शेवटचं वाक्य तिघांना ठेवलं, तिघांना काढलं. एकीचं ‘घर’ असं उत्तर आलं, वाक्य काढलेल्यांपैकी. एकानं ‘राँग नंबर’ लिहिलं. बाकी चौघांचं काही नाही. दादा विचारतात, आहेरवाले कधी येणार.

जुळे_सोलापूरची_आई
पत्रिका पाठवली. दोन टिका आल्यात, करड्या.