सोयाबीन काढणी : टोळीला तारीख कशी द्यायची? सल्ला हवा

औसेकर_शेती
राम राम मंडळी. औसा तालुक्यात 11 एकर सोयाबीन आहे. 6 एकरात जेएस 335, पेरणी 18 जूनची. 5 एकरात फुले संगम, ती 28 जूनला पेरली. बारा जणांची टोळी ठरत आहे, पण मुकादम म्हणतो पक्की तारीख द्या, नाहीतर दुसऱ्याचं काम धरतो. तारीख दिली आणि पाऊस आला किंवा शेंग हिरवी निघाली तर काय करायचं? उक्तं द्यावं की रोजाने लावावं? फक्त कापणीसाठी 45 हजार बाजूला ठेवले आहेत, त्यावर एक रुपया नाही. मळणी भावकीतल्या यंत्रावर होणार आहे.

बाळू_निलंगा
कशाला टोळीच्या मागं लागता? हार्वेस्टर लावा. आमचं 14 एकर एका दिवसात निघालं. माणसं नाहीत, मुकादम नाही, जेवण-चहा नाही.

गोदाकाठ
बाळूभाऊ, हार्वेस्टर काळ्या रानात पाऊस पडल्यावर घालून दाखवा. वापसा यायला चार दिवस लागतात, तोवर शेंगा उकलायला लागतात. आणि कुटार रानभर उधळून जातं. औसेकरांकडे जनावरं असतील तर वर्षभर काय घालणार?

बाळू_निलंगा
कुटार विकत मिळतं.

गोदाकाठ
दुष्काळी वर्षात मागून बघा कुणाला.

तात्या_रेणापूर
माझं ऐका, ताडपत्री घ्या. जाड, काळी, 40 बाय 60 ची. मी दोन घेतल्या, गेल्या वर्षी सप्टेंबरात सगळा मराठवाडा पाण्यात असताना आमच्या बनमीला थेंब लागला नाही. मजूर, तारीख सगळं मागाहून. आधी ताडपत्री.

वऱ्हाडी_पाटील
आमच्याकडं कापूस वेचायला किलोवर पैसे देतो. पाऊस आला तर वेचणी नाही, पैसे नाही, भांडणही नाही. तसं करून पहा.

ज्योती_शेतकरी
पाटील, सोयाबीन किलोवर कापत नाहीत हो. कपाशीची गोष्ट वेगळी.

संजय_हाडोळती
संगम फुटत नाही. ती महिनाभर उभी ठेवा, आधी 335 निवांत काढा. घाई कशाला.

काकासाहेब_मळणीवाले
पंचवीस वर्षं लोकांच्या रानात रास करत फिरतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

संजयराव, संगम 335 पेक्षा कमी फुटते, हे बरोबर. पण पिकल्यावर एक सर, मग कडक ऊन, परत सर असं झालं की कोणतंही वाण महिनाभर थांबत नाही. दाणा शेंगेतच कोंबावतो.

औसेकर, तुमचं पीक एका तारखेचं नाहीच, दोन तारखांचं आहे. 335 साधारण 95 ते 100 दिवसांची, म्हणजे 21 ते 26 सप्टेंबर. संगम 100 ते 105 दिवस धरा, म्हणजे 6 ते 11 ऑक्टोबर. मध्ये दहा-बारा दिवसांची फट आहे. मुकादमाला तारीख देऊ नका, आठवडा द्या. पहिला आठवडा सहा एकरांचा, दुसरा पाच एकरांचा. त्या फटीत त्यानं दुसऱ्याचं काम धरावं. त्यालाही ते सोयीचं पडतं, कारण टोळी रिकामी बसत नाही.

दिवस मात्र रानात जाऊन ठरवा. पानं गळून शेंगा बहुतेक तपकिरी झाल्या की झाडाच्या वरच्या, मधल्या, खालच्या भागातली शेंग सोलून दाणा दाताखाली धरा. दात रुतला तर थांबा. कट्कन तुटला तर कापा. खोलगट भागात चार दिवस उशीर होतो, तेव्हा बांधावरून बघून ठरवू नका.

आता तासांचं. कापणी सकाळी, दव असेपर्यंत. शेंग ओलसर असली की फुटत नाही. अकरानंतर कडक उन्हात विळा लागला की दाणे जमिनीवर उडतात, ते परत गोळा होत नाहीत. मळणी उलट, दुपारी, काड कडकडीत वाळल्यावर. ओलं काड यंत्रात अडकतं आणि दाणा चेंबतो. म्हणून सकाळी सहा ते अकरा कापणी, आणि दुपारी तीननंतर दोन दिवसांपूर्वी कापलेलं गोळा करून बनीम. बारा माणसांनी दिवसभर कापलं तर दोन एकर उरकतात, अकरापर्यंतच कापलं तर सव्वा एकर. सहा एकराला पाच सकाळी लागतील.

औसेकर_शेती
काकासाहेब, पाच दिवस सलग कोरडे मिळतील याची खात्री कोण देणार?

काकासाहेब_मळणीवाले
कोणीच नाही. म्हणून पाचही दिवसांचं एकदम ठरवायचं नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला येतो, त्यात पुढच्या पाच दिवसांचा अंदाज असतो. मेघदूत अॅपवरही दिसतो. दोनच दिवस कोरडे दिसत असतील तर तात्यांच्या ताडपत्रीखाली मावेल एवढंच कापा. बाकी उभं राहू द्या. उभ्या झाडावरून पाणी निथळतं आणि वाऱ्यानं सुकतं. कापून पसरलेलं मात्र ओल्या मातीला चिकटतं आणि दोन दिवसात कोंब येतात. ओलं गोळा करून झाकलं तर बनमीत वाफ धरते. बनमीत हात घाला, आत गरम लागलं की त्याच दिवशी उघडायची.

ज्योती_शेतकरी
काकासाहेबांचं पटलं, पण बायकांच्या बाजूनं सांगते. मी टोळीतल्या बायकांना घेऊन कामं करते. सकाळी साडेसातला आलेल्या बाईनं स्वयंपाक, लेकरं सोडून आलेली असते. दहाला पाऊस आला आणि तुम्ही 'जा' म्हणालात, तर तिचा रोज बुडाला. उक्त्यात तर मजूर घाई करतात, कारण वेळ त्यांच्या खिशातून जातो, मग हिरवंही कापतात आणि ओलंही. अर्ध्या दिवसाचा रोज पक्का असेल हे आधी बोलून ठेवा, म्हणजे पावसाकडं बघून कोणी विळा रेटणार नाही. आणि विजा चमकल्या की रानात एक मिनिट थांबायचं नाही, झाडाखाली तर मुळीच नाही. दामिनी अॅप फोनवर ठेवा.

बाळू_निलंगा
एवढं सगळं करण्यापेक्षा हार्वेस्टर. परत सांगतो.

मोहन_चाकूर
आमच्याकडं यंदा उक्तं एकरी 4,000 चाललंय. 11 एकराचे 44 हजार होतात. वर अर्धा रोज दिला तर 45 हजार कधीच ओलांडले. आणि विकायचं काय भावाला? गेल्या हंगामात हमीभाव 5,328 होता, बाजारात त्याच्या किती खाली गेलं ते सगळ्यांनी पाहिलं.

तात्या_रेणापूर
म्हणूनच सांगतो, ताडपत्री घ्या. ओलं विकलं की भाव आणखी पडतो.

औसेकर_शेती
सगळ्यांचे आभार. ठरलं ते सांगतो. मुकादम आठवड्याला तयार नाही, म्हणून 335 चे सहा एकर 25 तारखेपासून उक्ते दिले, एकरी 4,000. दिवसभर कापतील, तीन दिवसात होईल. काकासाहेब, सकाळचं काम बरोबर आहे, पण त्याच टोळीला 29 पासून पुढचं गाव आहे आणि पाच सकाळी ते थांबणार नाहीत. संगमचे पाच एकर टोळीला देणार नाही. भावकीतल्या तीन घरांशी सावड ठरवली आहे, त्यांचंही त्याच सुमारास पिकतं. तिथं आम्ही पहाटेच जाणार आणि अकराला थांबणार, कारण तिथं कोणाला रोज मोजायचा नाही. घट बसायच्या आत उरकायचं आहे.

काकासाहेब_मळणीवाले
सावड चांगली. पण 25 ला शेंग पिकलेली नसली तर? मुकादमाशी एक गोष्ट आजच बोलून घ्या. पाऊस आला आणि टोळी परत गेली, तर उरलेल्या एकरांसाठी तो परत कधी येणार, हे कागदावर असू द्या. एकरी दर ठरतो, परत येण्याचा दिवस कोणी ठरवत नाही, आणि भांडण तिथंच होतं.

औसेकर_शेती
विचारतो. उचल अजून दिलेली नाही.

ज्योती_शेतकरी
मग त्याच दिवशी बोला, उचल हातात असतानाच. आणि सावडीत किती बायका येणार आहेत? त्यांच्या रानात तुम्ही किती दिवस देणार, ते ठरलंय का?